एकच ‘नजर’, दोन फोडी: गस्त गटाचं नाव आणि गस्तीचं सूत्र

सोसायटीतले निवृत्त लोक एकत्र येऊन सुरक्षेसाठी गट काढतात, तेव्हा पहिल्याच बैठकीत आद्याक्षरांचा एखादा छान शब्द शोधायचं ठरतं. इथेच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गटाचं नाव सांगणारा संक्षेप ही एक गोष्ट, आणि ऐन वेळी काय करायचं ते आठवून देणारा संक्षेप ही दुसरी. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण कामाला एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘नजर’ हाच शब्द घेऊ. फलकावर शोभेल अशी त्याची एक फोड: नम्र, जबाबदार, रक्षक. दुसरी फोड अशी: नजीक जाऊ नका, जसं दिसलं तसं टिपा, रखडत न बसता ११२ ला फोन करा. पहिलीतले तिन्ही शब्द गट कसा आहे ते सांगतात. त्यांचा क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो, फक्त ‘नजर’ वाचता येत नाही. दुसरीत क्रम हाच जीव आहे, आणि प्रत्येक अक्षराला एकच कृती बांधलेली आहे.

रात्री पावणेदोनला गॅलरीतून खाली पाहणाऱ्या काकांचा विचार करा. बी विंगच्या पार्किंगमध्ये दोघं जण एका स्कूटरच्या कुलुपाशी काहीतरी करतायत. ‘रक्षक’ हा शब्द डोक्यात असेल तर काका काठी घेऊन जिना उतरतील. ‘नजीक जाऊ नका’ डोक्यात असेल तर ते गॅलरीतच थांबतील. म्हणून माझं ठाम मत आहे की सत्तरीच्या माणसाला शौर्याचं विशेषण देणारी फोड सूत्र म्हणून कधीच वापरू नये. अमेरिकेत १९७२ पासून चालत आलेल्या शेजारी-पहाऱ्याच्या योजनेतही भर ‘पाहा आणि कळवा’ यावरच आहे, पकडण्यावर नाही.

मग ‘ज’. जसं दिसलं तसं, म्हणजे ‘चोर आलेत’ असं नाही, तर ‘दोघं, एकाच्या पाठीवर काळी सॅक, पांढरे बूट, कुलूप हलवतायत’. जाकीट वाटेत काढून टाकता येतं, बूट सहसा तेच राहतात, म्हणून बुटांकडे मुद्दाम बघायचं. गाडी असेल तर नंबरचे निदान शेवटचे चार आकडे आणि ती कुठल्या दिशेला गेली ते टिपायचं. या अक्षराचा आणखी एक मोठा उपयोग आहे: माणूस कसा दिसतो यापेक्षा तो काय करतोय ते सांगायची सवय लागते, आणि पत्ता शोधत थांबलेला डिलिव्हरीवाला उगाच ‘संशयित’ ठरत नाही. शेवटी ‘र’. फोन लागला की आधी जागा सांगायची: सोसायटीचं नाव, रस्ता, जवळची खूण, कुठलं गेट. मध्येच फोन तुटला तरी निदान कुठे यायचं ते पोचलेलं असतं.

या सूत्राची एक मर्यादा आहे. आग लागली, कुणी जखमी झालं किंवा मारामारी चालू असेल तर टिपत बसायचं नाही, फोन आधी. ही अट तीन अक्षरांत मावत नाही. ती सूत्राखाली वेगळ्या ओळीत लिहावी. चौथं अक्षर चिकटवून शब्द बिघडवू नये.

दोन्ही प्रकारांना लागू होणारी एक गोष्ट देवनागरीची. आपण आद्याक्षर मात्रेसकट उचलतो. ‘नवनिर्माण सेना’ मधला ‘से’ घेतो म्हणून ‘मनसे’, आणि ‘निर्मूलन’ मधला ‘नि’ घेतो म्हणून ‘अंनिस’. ‘निर्भय, जागरूक, रक्षक’ यातून ‘नजर’ होत नाही, ‘निजार’ होतं. नावात एवढी ओढाताण लोक चालवून घेतात. सूत्रात मात्र ती घातक ठरते, कारण ‘न’ वरून मनात ‘न’ नेच सुरू होणारा शब्द यायला हवा.

नावासाठी मला ‘जागर’ जास्त आवडतं: जाणत्यांची गस्त, रहिवाशांसाठी. मात्रा जुळतात आणि गटात कोण आहे, तो कुणासाठी आहे ते एका दमात कळतं. ‘नजर’ मग सूत्रासाठी मोकळी राहते.

पारखही वेगवेगळी करावी लागते. नाव जमलंय का हे बघायला नव्या भाडेकरूला फलक दाखवून विचारा, ‘हे लोक काय करतात?’ सूत्रासाठी पंधरा दिवसांनी, आधी न सांगता, लिफ्टमध्ये भेटलेल्या सदस्याला विचारा, ‘ज म्हणजे काय?’ तो ‘जबाबदार’ म्हणाला तर दोन्ही फोडी त्याच्या डोक्यात मिसळल्यात, म्हणजे एकीचा शब्द बदलायला हवा. तो ‘जागा’ म्हणाला तरी सूत्र अजून पक्कं झालेलं नाही, कारण जागा ‘र’ मध्ये, फोनवर सांगायची आहे.

‘जागर’ गेटवरच्या फलकावर लावा. ‘नजर’ मोठ्या ठळक अक्षरांत गॅलरीच्या दाराच्या आतल्या बाजूला, चष्मा न लावता वाचता येईल अशी.