तारीख बदलणारी वेळांतराची शाब्दिक उदाहरणे

एका ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणच्या वेळेत बदलताना उत्तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाच्या तारखेत जाते, अशा उदाहरणांचा हा वर्ग. शालेय अंकगणितात तो वेळेच्या बेरीज-वजाबाकीखाली येतो आणि भूगोलात रेखावृत्त, प्रमाण वेळ व आंतरराष्ट्रीय वाररेषा या प्रकरणांत. पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणून १५° ला एक तास आणि १° ला ४ मिनिटे, हे कोष्टक दोन्हीकडे गृहीत असते. अवघड भाग त्याच्या पुढे सुरू होतो. तारीख हा वेळेच्या वजाबाकीतला हातचा आहे. तो दहाचा नसून २४ तासांचा असतो, आणि घेतला की तारखेच्या घरात नोंदवावा लागतो.

खानदेशातील उदाहरण

तारीख बदलायला परदेशच लागतो असे नाही. भारतीय प्रमाण वेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्ताची आहे आणि खानदेश त्याच्या बराच पश्चिमेला आहे. जळगावचे रेखांश सुमारे ७५°३४' पूर्व. फरक ६°५६', म्हणजे चारने गुणून २७ मिनिटे ४४ सेकंद. नंदुरबार सुमारे ७४°१५' वर असल्याने तिथे फरक ८°१५', म्हणजे ३३ मिनिटे. धुळे या दोहोंच्या मध्ये, जवळपास ३१ मिनिटांवर.

आता उदाहरण असे: जळगावात एका बाळाचा जन्म घड्याळाप्रमाणे १ जानेवारीला रात्री १२ वाजून १५ मिनिटांनी झाला, तर जन्माची स्थानिक वेळ व तारीख कोणती? वेळ २४ तासांच्या पद्धतीने ०० तास १५ मिनिटे अशी लिहायची. त्यातून २८ मिनिटे (पूर्णांकात) जात नाहीत, म्हणून आदल्या दिवसाचे २४ तास हातचे घ्यायचे आणि १५ मिनिटांची २४ तास १५ मिनिटे करायची. वजाबाकीनंतर २३ तास ४७ मिनिटे उरतात. हातचा घेतला म्हणून तारीख एकाने मागे: ३१ डिसेंबर, आणि वर्षही मागचे. जन्मदाखल्यावर १ जानेवारीच राहते, कारण दाखला प्रमाण वेळेने असतो. स्थानिक वेळ काढून पत्रिका मांडणाऱ्याच्या वहीत मात्र ३१ डिसेंबर दिसू शकते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, फक्त वेळ कोणती ते शेजारी लिहिलेले हवे.

या प्रकारात तारीख बदलण्याची पट्टी फार अरुंद असते. जळगावासाठी ती मध्यरात्रीनंतरची पहिली पावणेअठ्ठावीस मिनिटे, नंदुरबारसाठी ३३. प्रमाण वेळेचा घड्याळी आकडा फरकापेक्षा लहान असेल तरच तारीख मागे जाते. ही एक तुलना आधी केली की उत्तर आदल्या तारखेचे येणार की नाही, ते आकडेमोडीपूर्वीच कळते.

जुन्या नोंदींत आणखी एक खाच आहे. प्रमाण वेळ १९०६ च्या सुमारास लागू झाली, तरी मुंबईची वेळ (ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे) मुंबई शहरात त्यानंतरही अनेक दशके, साधारणपणे १९५० च्या दशकापर्यंत, चालू राहिल्याचे मानले जाते. रेल्वे त्याआधी मद्रास वेळेने चाले. प्रमाण वेळेचे १२:१५ मुंबई वेळेने ११:३६ होतात, म्हणजे तारीख पुन्हा आदलीच. जुन्या नोंदीवरून उदाहरण बेतताना ती कोणत्या घड्याळाची हे ठरवल्याशिवाय उत्तर निश्चित होत नाही.

उगमाचा प्रश्न

या उदाहरणांचे मूळ सिद्धांतग्रंथांतील देशांतर संस्कारात शोधण्याची प्रथा मराठी लेखनात आहे, आणि खानदेशात तिला विशेष जिव्हाळा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात (शके ११२८, सामान्यतः इ.स. १२०७ चा मानला जाणारा) भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचे गाव ‘विज्जलविड’ म्हणजे पाटणच की दुसरे एखादे, याविषयी मतभेद आहेत. शिलालेखामुळे पाटणचा पक्ष बळकट वाटतो, पण नातवाचा मठ हा आजोबांच्या जन्मगावाचा पुरावा नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे.

देशांतर म्हणजे उज्जयिनीतून जाणाऱ्या मध्यरेषेपासून पूर्व-पश्चिम अंतरामुळे येणारा काळाचा फरक. ६० घटी म्हणजे ३६०°, तेव्हा १° ला १० पळे आणि एक पळ २४ सेकंदांचे. चाळीसगाव ७५° च्या किंचित पुढे आहे, उज्जैन सुमारे ७५°४६' वर. फरक पाऊण अंशाचा, म्हणजे साडेसात-आठ पळे. भुसावळ तर उज्जैनच्या रेखावृत्तावरच आहे म्हणायला हरकत नाही. तेथील देशांतर शून्याच्या जवळ जाते, आणि ग्रीनिचशी जुळवलेल्या कोष्टकांची सवय असलेल्याला हे क्षणभर चमत्कारिक वाटते.

सूर्यसिद्धांताच्या पहिल्या अध्यायात वारप्रवृत्तीचा श्लोक आहे: मध्यरेषेच्या पूर्वेकडील देशांत मध्यरात्रीनंतर देशांतराच्या नाड्यांइतक्या वेळाने वार सुरू होतो, पश्चिमेकडे तितका आधी. त्यात वाररेषेची पूर्वकल्पना पाहण्याचा प्रयत्न होतो. सरळ अर्थ मात्र उलट दिशेने जातो. या नियमाने वार सर्वत्र एकाच क्षणी बदलतो, फक्त त्या क्षणी प्रत्येक गावचे स्थानिक घड्याळ वेगळे असते. म्हणजे स्थळ बदलल्याने वार बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. आजच्या उदाहरणांत प्रत्येक ठिकाणी तेथील मध्यरात्रीला तारीख उलटते, आणि त्यामुळेच हा सगळा प्रपंच. देशांतराचे गणित जुने आणि तारखेचा नियम नवा, असे विभागून पाहणे अधिक सयुक्तिक दिसते. ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून जागतिक दिवस मोजण्याचा ठराव वॉशिंग्टनच्या १८८४ च्या परिषदेचा. त्या परिषदेने वाररेषा मात्र आखून दिली नाही. ती देशांच्या आपापल्या निर्णयांतून घडली आणि आजही सरकते. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला, ही त्यातली अलीकडची मोठी हालचाल.

सोडवण्याची रीत आणि नेहमीच्या चुका

परदेशी वेळेचे नमुना उदाहरण: जळगावात १ मार्च २०२४, सकाळचे ८:१५. न्यूयॉर्कमध्ये काय? त्या दिवशी न्यूयॉर्क ग्रीनिचच्या ५ तास मागे आणि भारत ५ तास ३० मिनिटे पुढे, म्हणून एकूण फरक १० तास ३० मिनिटे. एक पुढे व दुसरा मागे असल्याने येथे बेरीज होते. वजाबाकी करून ‘अर्धा तास’ लिहिणारे दरवर्षी निघतात. ८:१५ हा आकडा १०:३० पेक्षा लहान, म्हणून २४ तास हातचे: ३२:१५. त्यातून १०:३० वजा करताना १५ मिनिटांतून ३० जात नाहीत, तेव्हा एका तासाची ६० मिनिटे करून ३१:७५ लिहायचे. उरतात २१:४५, म्हणजे रात्रीचे पावणेदहा. तारीख एकाने मागे. येथे दुसरा खड्डा आहे: २०२४ लीप वर्ष असल्याने उत्तर २९ फेब्रुवारी, २८ नव्हे.

चूक कशी झाली हे उत्तरावरून ओळखता येते. ‘२:१५’ आले असेल तर विद्यार्थ्याने लहान आकडा मोठ्यातून वजा केला. ‘सकाळचे ९:४५, १ मार्च’ आले असेल तर त्याने २४ ऐवजी १२ चा हातचा घेतला. आकडा बरोबर दिसतो, पण दिवस-रात्र आणि तारीख दोन्ही हुकतात. ही चूक सर्वात चिवट, कारण भिंतीवरचे घड्याळ तिला दुजोरा देते. मिनिटांच्या घरात ८५ आले असेल तर तासाची १०० मिनिटे केली गेली.

तारीख पुढे जाण्याचा प्रकार सोपा आहे. डिसेंबरात ऑकलंड भारताच्या ७ तास ३० मिनिटे पुढे असते. जळगावच्या ३१ डिसेंबर सायंकाळी ५ वाजता बेरीज २४:३० होते. २४ काढून टाकले की १ जानेवारी, ००:३०. नेमकी २४:०० बेरीज आली तर ती दुसऱ्या तारखेचे ००:०० धरतात.

प्रवासाच्या उदाहरणांत तारीख एकदा मागे आणि एकदा पुढे जाते. विमान मुंबईहून २ मार्च २०२४ च्या रात्री १:३० ला निघाले, प्रवास १६ तासांचा, तर न्यूयॉर्कला केव्हा? निघण्याची ग्रीनिच वेळ १ मार्च, २०:००. त्यात १६ तास मिळवून २ मार्च, १२:००. त्यातून ५ वजा करून २ मार्च, सकाळचे ७. निघाले त्याच तारखेला पोहोचले. क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, पण वेळांतर दोनदा वजा होण्याची भीती राहते, म्हणून आधी ग्रीनिच, मग प्रवास, मग स्थानिक वेळ हा क्रम बरा. अमेरिकेत त्या वर्षी १० मार्चला घड्याळे तासभर पुढे गेली, त्यामुळे हेच उदाहरण त्यानंतरच्या तारखेने दिले तर वेळांतर साडेनऊ तास होते. तारीख न देता ‘न्यूयॉर्कमध्ये किती वाजले’ विचारणारे उदाहरण अपुरे आहे.

वाररेषा ओलांडणाऱ्या उदाहरणात पडताळा दोन वाटांनी घेता येतो. ७५° पूर्वेला बुधवारी संध्याकाळचे ६ वाजले असता १६५° पश्चिमेला काय? पश्चिमेकडून गेल्यास अंतर २४०°, म्हणजे १६ तास मागे: बुधवारी पहाटेचे २. पूर्वेकडून गेल्यास १२०°, म्हणजे ८ तास पुढे: गुरुवारी पहाटेचे २. पण वाटेत वाररेषा पूर्वेकडे ओलांडली म्हणून एक दिवस वजा: बुधवारच. दुसऱ्या वाटेने उत्तर एका दिवसाने वेगळे आले तर रेषा विसरली असे समजावे. रेषा ओलांडूनही येथे वार बदलला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भाषेतील संदिग्धता

उदाहरण मराठीत मांडताना ‘शुक्रवारी रात्री दीड वाजता’ हा प्रयोग टाळावा लागतो. बोलण्यात ती शुक्रवारची रात्र, दिनदर्शिकेत शनिवार. शिवाय पंचांगाने वार सूर्योदयाला बदलत असल्याने पहाटे पाचपर्यंत शुक्रवार म्हणणाराही चुकत नाही. ‘परवा’ तर दोन्ही दिशांना जातो, त्यामुळे तो उदाहरणात नकोच. भुसावळहून १५ तारखेच्या ००:२० ला सुटणाऱ्या गाडीसाठी १४ च्या रात्री स्थानकावर जायचे असते, आणि तिकीट १५ चे काढायचे असते. याच गाडीचे उदाहरण ‘१५ च्या रात्री’ असे घातले तर प्रवासी गाडी गेल्यावर चोवीस तासांनी पोहोचतो.