ॲडसेन्सचा पहिला पगार कुठे अडकतो: पिनचं पत्र, शंभर डॉलर आणि बँकेचा तपशील

साइटवर गूगलच्या जाहिराती दाखवून कमाई करून देणाऱ्या ॲडसेन्सचं खाते मंजूर झालं, जाहिराती दिसू लागल्या, आकडाही वाढतोय. पण पैसे येत नाहीत. चौकशी केली की बहुतेकांची गाडी तीनच ठिकाणी अडलेली सापडते.

पहिलं ठिकाण पत्त्याचं. कमाई 10 डॉलरवर गेली की पत्ता पडताळण्यासाठी गूगल तुमच्या पत्त्यावर सहा आकडी पिन असलेलं पत्र धाडतं. काहींना त्याआधी ओळखपत्र अपलोड करून ओळख पटवावी लागते. तसं झालं तर प्रोफाइलमधलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एकच हवं. पत्र साध्या टपालाने येतं, त्याला ट्रॅकिंग क्रमांक नसतो, म्हणून 'कुठवर पोहोचलं' हे कुणालाच विचारता येत नाही. त्यामुळे पत्ता पोस्टमनला दार सापडेल असा लिहा: घर क्रमांक, इमारत, ओळखीची खूण, भाग, अचूक पोस्टल कोड. कागदपत्रावरचा अर्धामुर्धा पत्ता तसाच उतरवण्याचा मोह टाळा, आणि चूक दिसली तर नवं पत्र मागवण्याआधी ती सुधारा.

तीन-चार आठवड्यांत पत्र आलं नाही तर दुसरं मागवता येतं. लोक इथे उगाच घाबरतात, 'पहिलं उशिरा आलं तर ते बाद होईल' म्हणून. तसं होत नाही. प्रत्येक पत्रात तोच पिन असतो, जे आधी हाती येईल ते वापरा. मागवण्याची संधी मात्र तीनदाच. तेवढं करूनही पत्र आलं नाही, तर खात्यातल्या सूचनेनुसार ओळखपत्र देऊन पडताळणी करायचा मार्ग आहे. पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही, तर जाहिराती दिसणं थांबतं. पिन तीनदा चुकीचा टाकला तरी तेच. तेव्हा अंदाजाने आकडे टाकून पाहू नका.

दुसरं ठिकाण मर्यादेचं, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच. 'शंभर डॉलर झाले, आता पैसे द्या' असं नसतं. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला कमाई पक्की होते आणि अवैध क्लिकचे पैसे त्यातून वजा होतात. पक्का आकडा 100 डॉलर किंवा त्याहून जास्त असला, तरच त्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान रक्कम निघते. समजा, 31 मार्चला पडद्यावर 101 डॉलर दिसले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वजावट होऊन ते 98.60 उरले. एप्रिलमध्ये काहीही निघणार नाही. एप्रिलभरात आणखी 12 पक्के जमले, बेरीज 110.60 झाली, तर पैसे मेच्या अखेरच्या टप्प्यात निघतील. यात कुणी तुमचे पैसे खाल्लेले नसतात, आकडा अंदाजी होता एवढंच. आणि बँक जोडणं किंवा पिन टाकणं राहिलं असेल, तर ते 20 तारखेपर्यंत उरकायला हवं. 22 ला केलंत तर सरळ पुढचा महिना.

तिसरं ठिकाण बँकेचं. वायर ट्रान्स्फर, म्हणजे थेट बँक खात्यात पैसे घेणं निवडलं की खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि परदेशी व्यवहारात बँकेची ओळख पटवणारा स्विफ्ट कोड लागतो. नाव बँकेच्या नोंदीत जसं आहे तसंच भरा, मधलं नाव असेल तर तेही. स्विफ्ट कोड 8 किंवा 11 अक्षरांचा असतो: चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि असल्यास शेवटची तीन शाखेची. कित्येक छोट्या शाखांना स्वतःचा कोडच नसतो. काउंटरवरचा माणूस "आमच्याकडे नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवतो आणि तुम्ही तिथेच अडून बसता. प्रश्न असा विचारा: "परदेशातून येणारे पैसे या शाखेसाठी कोणती शाखा घेते, आणि तिचा कोड काय?" चुकीच्या तपशिलामुळे रक्कम परत गेली, तर तपशील दुरुस्त केल्यावर ती पुढच्या फेरीत निघते, म्हणजे पुन्हा महिनाभर थांबणं आलं.

पैसे डॉलरमध्ये निघाले आणि तुमचं खातं स्थानिक चलनात असेल, तर रूपांतर बँक करते, आणि ते इंटरनेटवर दिसणाऱ्या दराने करत नाही. सोयीसाठी धरा की बाजारात एक डॉलर म्हणजे स्थानिक 50. बँक तो 49 ला विकत घेईल. मधल्या बँकेने वाटेत 15 डॉलर कापले, तर 110.60 चे 95.60 उरतात आणि 49 च्या दराने खात्यात सुमारे 4,684 जमा होतात. तुम्ही 5,530 ची वाट पाहत असता. वर तुमच्या बँकेचं स्वतःचं शुल्क असेल तर ते वेगळं. ते आधीच विचारून ठेवा, शक्यतो लेखी.

हे शुल्क रक्कम लहान असो वा मोठी, बहुधा तेवढंच कापलं जातं. म्हणून कमाई कमी असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये देयकाची मर्यादा स्वतःच वाढवून घेता येते. मर्यादा 300 ठेवली, तर तीनदा कापले जाणारे 15 डॉलर एकदाच जातात. पहिल्या वेळी मात्र मर्यादा 100 वरच राहू द्या. नाव किंवा कोड चुकला असेल, तर तो लहान रकमेवरच कळलेला बरा.