मुंबईची वेळ आणि मिटिंगचा साडेपाच तासांचा हिशोब

परदेशातल्या सहकाऱ्याबरोबर पहिली मिटिंग ठरवताना मुंबईकर अडखळतो तो बहुधा अर्ध्या तासावर. लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क या शहरांचं ग्रीनिचपासूनचं अंतर पूर्ण तासांत मोजतात आणि आपलं मात्र साडेपाच तास. हा अर्धा तास कुठून आला ते कळलं, की वेळ बदलण्याची रीतही त्याच हिशोबातून उलगडते.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला सुमारे ७२.८ अंशांवर आहे. त्याला ४ ने गुणलं की साधारण २९१ मिनिटं, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं येतात. हीच जुनी ‘बॉम्बे टाइम’. कलकत्त्याची वेळ वेगळी होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्यांसाठी ८२.५ अंश पूर्व हे रेखावृत्त धरलं. ८२.५ भागिले १५ बरोबर साडेपाच. हे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं.

मुंबईने ते मुकाट्याने घेतलं नाही. घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे गेल्यामुळे सूर्याच्या मानाने गिरणीची पाळी तेवढी लवकर सुरू होणार होती. गिरणी कामगारांनी विरोध केला आणि महापालिकेनेही बॉम्बे टाइमच्या बाजूने कौल दिला. पुढे कित्येक वर्षं एकाच शहरात दोन वेळा चालल्या. कोणाला वेळ सांगायची तर ‘बॉम्बे’ की ‘स्टँडर्ड’ हेही सांगावं लागे. ही सवय आज परदेशी सहकाऱ्याशी बोलताना पुन्हा लावून घेण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजा, अंधेरीतल्या ऑफिसातून गुरुवारी संध्याकाळी ६:३० ला न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याबरोबर बोलायचं आहे. आधी वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहा: १८:३०. त्यातून ५:३० वजा करा, उरले १३:००. ही यूटीसी, म्हणजे जगाची सामाईक वेळ. मग सहकाऱ्याच्या शहराचा फरक लावा. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या ५ तास मागे असतं, म्हणून तिथे सकाळचे ८ वाजलेले असतील. ‘साडेदहा तास वजा’ असं थेट पाठ करण्यापेक्षा यूटीसीवरून जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण आपली ५:३० वजा करण्याची पायरी कधीच बदलत नाही. बदलते ती फक्त दुसरी.

ती बदलते कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, तर ब्रिटन आणि बहुतेक युरोपीय देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ मार्च आहेत. आपली गुरुवारची ६:३० ची मिटिंग ५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये सकाळी ८ ला, तर १२ मार्चला ९ ला येते. त्याच कॉलवर लंडनचं कोणी असेल, तर त्यांच्याकडे २६ मार्चपर्यंत दुपारचा १ आणि २ एप्रिलला २. मधले तीन आठवडे सगळ्यात जास्त गोंधळाचे. म्हणूनच दर आठवड्याची मिटिंग कोणाच्या घड्याळाला बांधली आहे हे आधी ठरवायला हवं. ती न्यूयॉर्कच्या सकाळी ८ ला बांधली असेल, तर त्यांची वेळ तीच राहते आणि मुंबईत ६:३० ची ५:३० होते.

दुसरी चूक वाराची. सोमवारी सकाळी ९ ची मिटिंग सॅन फ्रान्सिस्कोसाठी काढून पाहा. ९:०० वजा ५:३० म्हणजे यूटीसी ३:३०. हिवाळ्यात त्यातून आणखी ८ तास जायला हवेत, पण तेवढे नाहीत. मग २४ मिळवा: २७:३० वजा ८ बरोबर १९:३०. जिथे २४ मिळवले, तिथे वार एकाने मागे जातो. म्हणजे सहकाऱ्याकडे रविवारची संध्याकाळ असेल, साडेसात. उत्तर ऋण आलं की तारीख बदलली, हे ओळखायला एवढी खूण पुरते.

कॅलेंडरमध्ये आपला झोन निवडताना यादीत मुंबई शोधून सापडली नाही तर `Asia/Kolkata` घ्या. पूर्ण भारतासाठी तोच आहे. निमंत्रणात नुसतं ‘आयएसटी’ लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळांनाही तेच लघुरूप वापरतात. त्याऐवजी असं लिहा: ‘गुरुवार, १२ मार्च, मुंबई सायं. ६:३०, न्यूयॉर्क स. ९:००, यूटीसी १३:००’. दोन्ही शहरं आणि वार समोर असले, की हिशोबात काही चुकलं असल्यास सहकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.