नागीण दिसली की एअरबोर्नच?

'नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. मग परीक्षेत रुग्णासाठी कोणती खबरदारी घ्यायची या प्रश्नात नागीण दिसली की एअरबोर्नवर, म्हणजे हवेतून होणारा संसर्ग रोखणाऱ्या खबरदारीवर खूण करायची ना? नाशिकच्या आमच्या क्लासमध्ये सगळे हेच पाठ करतात.'

विषाणू एकच, हे खरं. पण उत्तर आजाराच्या नावावर नाही, तर पुरळ किती पसरलाय आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती कशी आहे यावर ठरतं.

समजा, पंचवटीतले ५८ वर्षांचे भाजीविक्रेते. छातीच्या उजव्या बाजूला फोडांचा एकच पट्टा, दुसरा आजार नाही, फोड ड्रेसिंगने पूर्ण झाकता येतात. इथे स्टँडर्ड प्रिकॉशन, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी घेतो ती नेहमीची खबरदारी पुरे. विषाणू फोडांतल्या पाण्यात असतो आणि ते झाकलं की वाट बंद होते.

आता याच माणसाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय असं धरा. पट्टा तेवढाच, पण उत्तर बदललं: एअरबोर्न आणि कॉन्टॅक्ट, म्हणजे स्पर्शातून होणारा संसर्ग रोखणारी, अशी दोन्ही. अशा रुग्णात नागीण अंगभर पसरू शकते, म्हणून तसं नाही याची खात्री होईपर्यंत हे पाळायचं. पुरळ खरंच पसरला असेल, तर प्रतिकारशक्ती चांगली असली तरी दोन्हीच, आणि तेही सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. बंद दाराची निगेटिव्ह प्रेशर खोली, म्हणजे जिथली हवा बाहेरच्या भागात जात नाही अशी, गाऊन, हातमोजे. आणि खोलीत शक्यतो कांजिण्यांची प्रतिकारशक्ती असलेलेच कर्मचारी.

प्रश्नात 'केमोथेरपी', 'प्रत्यारोपण', 'पाठीवर आणि पायांवरही फोड' असे शब्द उगाच पेरलेले नसतात. माझ्या वेळी मीही ते वाचायच्या आधीच खूण केली होती, गुण गेला.