नेमन इष्टतम वाटप

स्तरित नमुना निवडीत, म्हणजे घटकांचे आधी स्तर पाडून प्रत्येक स्तरातून वेगळा नमुना घेताना, एकूण नमुन्याचा आकार आधीच ठरलेला असतो. तो वेगवेगळ्या स्तरांत कसा वाटावा, हे सांगणारा नियम म्हणजे नेमन इष्टतम वाटप. स्तर जितका मोठा आणि त्याच्या आतली तफावत जितकी जास्त, तितका त्याचा वाटा मोठा. वाटा ठरतो तो स्तरातील घटकांची संख्या आणि त्या स्तराचे प्रमाण विचलन, म्हणजे आतल्या तफावतीचे माप, यांच्या गुणाकारावरून:

```
n_h = n × (N_h × S_h) / Σ(N_h × S_h)
```

येथे `n` म्हणजे एकूण नमुना, `N_h` म्हणजे `h` या स्तरातील घटकांची संख्या आणि `S_h` म्हणजे त्या स्तराचे प्रमाण विचलन. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी 1934 मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधातून हा नियम सर्वांना माहीत झाला. रशियन संख्याशास्त्रज्ञ अलेक्झांडर चुप्रोव्ह यांनी मात्र तो 1923 मध्येच मांडला होता. त्यामुळे याला चुप्रोव्ह-नेमन वाटप म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. रूढ झाले ते नेमन यांचेच नाव.

नियमाचे बळ कळते ते लहानमोठ्यांचे अंतर प्रचंड असते तिथे. सोलापूरचा यंत्रमाग धंदा त्याचे चांगले उदाहरण आहे. पूर्व भागातल्या एखाद्या बोळात चार-सहा मागांवर टॉवेल विणणारा कारखाना असतो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच्या कित्येक पट सूत खपवणारा. समजा, एका कारखान्याला महिन्याला सरासरी किती सूत लागते ते काढायचे आहे, आणि वेळ व माणसे पाहता 112 कारखान्यांनाच भेट देता येईल. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेले आहेत, शहराची मोजणी म्हणून नव्हे. एकूण कारखाने 1000. त्यांपैकी लहान 700, मध्यम 240 आणि मोठे 60. सूतवापराचे प्रमाण विचलन लहानांत 4 क्विंटल, मध्यमांत 15 आणि मोठ्यांत 80.

गुणाकार करू. लहानांचा 2800, मध्यमांचा 3600, मोठ्यांचा 4800, बेरीज 11,200. त्या प्रमाणात 112 भेटी वाटल्या तर लहानांना 28, मध्यमांना 36 आणि मोठ्यांना 48 येतात. निव्वळ संख्येच्या प्रमाणात वाटल्या असत्या तर 78, 27 आणि 7 आल्या असत्या. साठ मोठ्या कारखान्यांपैकी 48 कारखाने पाहायचे आणि सातशे लहानांपैकी फक्त 28, हे पहिल्यांदा अन्यायाचेच वाटते. पण लहान कारखाने एकमेकांसारखे असतात. थोडे पाहिले तरी बाकीच्यांचा अंदाज येतो. मोठ्यांत एकाचा वापर दुसऱ्याच्या तिप्पट असू शकतो, आणि सात कारखाने चुकीचे हाती लागले की सगळा अंदाज ढळतो.

फरक किती पडतो? नमुन्यावरून काढलेला अंदाज खऱ्या आकड्यापासून साधारण किती ढळतो, ते प्रमाण त्रुटी सांगते. संख्येच्या प्रमाणात केलेल्या वाटपात सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे 1.85 क्विंटल येते, नेमन वाटपात 0.82. संख्येच्या प्रमाणात वाटप ठेवून हीच अचूकता मिळवायची तर सुमारे 400 कारखान्यांची पायपीट करावी लागेल.

हाच गुणाकार का, याचे उत्तर एकेक भेट वाढवून पाहिले की मिळते. एखाद्या स्तरात आणखी एक भेट दिल्याने अंदाजाचे प्रचरण, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग, किती घटेल, हे त्या स्तराच्या `N_h × S_h / n_h` या गुणोत्तरावर अवलंबून असते. 78, 27, 7 या वाटपात ही गुणोत्तरे साधारण 36, 133 आणि 686 आहेत. म्हणजे लहानांतली एक भेट काढून मोठ्यांत टाकली तर नफा मोठा. अशी अदलाबदल करत राहा. तिन्ही गुणोत्तरे सारखी झाली की आणखी काही मिळवण्यासारखे उरत नाही. 28, 36, 48 ला तिन्ही ठिकाणी बरोबर 100 येते. पाहणी संपल्यावर, हाती आलेल्या प्रमाण विचलनांवरून हेच गुणोत्तर पुन्हा काढावे. ते स्तरांत फार वेगवेगळे निघाले तर आधीचे अंदाज चुकले होते असे समजावे.

प्रमाण विचलन आधी माहीत नसते, ही या पद्धतीची खरी अडचण आहे. ते जुन्या पाहणीतून, छोट्या चाचणी पाहणीतून किंवा मागांच्या संख्येसारख्या सूतवापराशी जोडलेल्या, यादीत आधीच असलेल्या आकड्यावरून काढतात. दिलासा एवढा, की थोडी चूक नियम सोसतो. मोठ्यांचे विचलन 80 ऐवजी 60 धरले तर वाटप 32, 40, 40 होते आणि प्रमाण त्रुटी 0.82 वरून जेमतेम 0.83 होते. 80 ऐवजी 20 धरले तर मात्र ती 1.1 च्या पुढे जाते. चाचणीत पाच-सहाच कारखाने पाहिले आणि ते योगायोगाने सारखे निघाले, तर विचलन जवळपास शून्य येऊन त्या स्तराला नमुनाच मिळत नाही. म्हणून प्रत्येक स्तरात किमान दोन घटक ठेवावेतच; एका घटकावरून स्तराच्या आतली तफावत काढता येत नाही.

नमुना वाढवला की आणखी एक पेच येतो. 150 भेटी ठरवल्या तर सूत्र मोठ्यांना 64 देते, पण ते आहेतच 60. अशा वेळी सर्वच्या सर्व मोठे कारखाने पाहायचे आणि उरलेल्या 90 भेटी लहान-मध्यमांत 2800 ला 3600 या प्रमाणात वाटायच्या: 39 आणि 51.

सर्वांत महागात पडणारी चूक वाटपानंतर होते. 112 कारखान्यांची साधी सरासरी काढून मोकळे होणारे बरेच दिसतात. समजा, स्तरांच्या सरासऱ्या 6, 40 आणि 150 क्विंटल आहेत. खरी सरासरी येते 22.8. नमुन्याची साधी सरासरी येते जवळपास 79, कारण त्यात मोठे कारखाने मुद्दामच जास्त घेतलेले आहेत. प्रत्येक स्तराची सरासरी वेगळी काढून तिला 0.70, 0.24 आणि 0.06 हे भार दिलेच पाहिजेत.

याच भारांमुळे जुनी यादीही घातक ठरते. यादीत लहान म्हणून नोंदलेल्या कारखान्याने मधल्या काळात माग वाढवून महिन्याला 120 क्विंटल सूत वापरायला सुरुवात केली असेल आणि तोच नमुन्यात आला, तर तो 700 भागिले 28, म्हणजे 25 कारखान्यांच्या वतीने बोलतो. एका दारातून 3000 क्विंटल एकूण अंदाजात शिरतात, आणि सगळ्या शहराचा हिशोबच 22,800 चा आहे. असा कारखाना सापडला म्हणून त्याला गुपचूप मोठ्यांच्या स्तरात हलवता येत नाही, कारण त्याची निवड लहानांच्या यादीतून झाली होती. भेटी सुरू होण्यापूर्वी यादी ताजी करणे हाच उपाय.

प्रश्न होय-नाही स्वरूपाचा असेल तर मात्र या सगळ्या खटाटोपाचे फारसे चीज होत नाही. कामगारांना बोनस मिळतो का, असे विचारले आणि होकाराचे प्रमाण एका स्तरात 20 टक्के, दुसऱ्यात 50 असले, तरी प्रमाण विचलन 0.4 आणि 0.5 इतकेच असते. तिथे संख्येच्या प्रमाणातले वाटपच बरे. एकाच पाहणीत सूतही विचारायचे आणि बोनसही, तर सुतासाठी आखलेल्या वाटपात सातशे लहान कारखान्यांबद्दल बोलायला 28 च उरतात. तेव्हा मोठ्यांतल्या काही भेटी लहानांकडे वळवून, सुताच्या अंदाजातली थोडी अचूकता जाणूनबुजून सोडावी लागते.