टीव्हीत हेडफोन ‘पेअर’ असणं आणि ‘कनेक्ट’ असणं: आवाज नेमका जातो कुठे?

टीव्हीच्या ब्लूटूथ मेनूत आपल्या हेडफोनचं नाव दिसलं की बहुतेक लोक धरूनच चालतात की झालं, हेडफोन लागला. मग कानात काहीच येत नाही म्हणून टीव्हीला शिव्या, नाहीतर उलटं, हेडफोन कधीच काढून ठेवलाय आणि टीव्हीचे स्पीकर मुके म्हणून मेकॅनिकला फोन. दोन्ही वेळा घोळ बहुतेक एकच असतो. पेअर असणं आणि कनेक्ट असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मेनू त्या एकाच यादीत दाखवतो.

पेअरिंग म्हणजे फक्त ओळख करून देणं. हेडफोन पेअरिंग मोडमध्ये टाकायचा (पॉवरचं बटण नेहमीपेक्षा जास्त वेळ, साधारण पाच-सात सेकंद दाबून धरायचं, लाइट भराभर लुकलुकायला लागली पाहिजे, इयरबड्स असतील तर बऱ्याचदा हे बटण केसवर असतं), मग टीव्हीवर जायचं. सॅमसंगमध्ये सेटिंगमधल्या Sound मध्ये Sound Output आणि त्यात Bluetooth Speaker List, हेडफोन असला तरी नाव स्पीकर लिस्टच आहे, त्यामुळे लोक शोधत बसतात. गूगल टीव्हीवाल्या सेटमध्ये हे सगळं साउंडमध्ये नसतंच, Remotes & Accessories मध्ये असतं. नाव निवडलं की दोघं आपापल्याकडे एक गुप्त चावी साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्या चावीवरून एकमेकांना ओळखतात. ही ओळख बंद केल्यावर पुसली जात नाही. टीव्हीत अशा ओळखी बऱ्याच साठतात, घरातले सगळे हेडफोन, पाहुण्याचा कधीतरी लावलेला स्पीकर, सगळं यादीत पडून असतं आणि त्याने काही बिघडत नाही.

कनेक्ट म्हणजे आत्ता, या क्षणी आवाज त्या रस्त्याने वाहतोय. आणि इथे मर्यादा येते, कारण बहुतेक टीव्ही एका वेळी एकाच ब्लूटूथ ऑडिओ डिव्हाइसला आवाज देतात. रिमोट, कीबोर्ड, गेमचा कंट्रोलर हेही ब्लूटूथवरच असतात पण ते या हिशेबात धरायचे नाहीत, त्यांना फक्त बटणं दाबल्याचे बारीक संदेश पाठवायचे असतात. आवाजाचं तसं नाही, तो सलग, न तुटता पाठवत राहावा लागतो. म्हणून यादीत चार हेडफोन Paired दिसतात, पण दुसरा निवडला की पहिला सुटतो. नवराबायकोने दोन हेडफोन लावून रात्री सिनेमा बघायचा बेत इथेच फसतो, टीव्हीत काही खराबी नसते.

आता नेहमीचं उदाहरण घ्या. हेडफोन काल टीव्हीला व्यवस्थित चालला, आज ऑन केला, टीव्हीवर Paired दिसतंय, आवाज मात्र टीव्हीतूनच. झालंय काय की दिवसभर तोच हेडफोन मोबाइलला होता, ऑन केल्याबरोबर त्याने आधी मोबाइल शोधला आणि तिकडेच चिकटला. बरेच हेडफोन शेवटी ज्याच्याशी बोलले त्यालाच आधी हाक मारतात. मोबाइलचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा, टीव्हीच्या यादीत जाऊन नावावर ओके दाबा, Connected आलं पाहिजे. त्यानेही नाही झालं तरच टीव्हीतून ते नाव काढून टाका आणि हेडफोनच्या बाजूनेही जुनी जोडणी पुसून पुन्हा पेअर करा. एकाच बाजूने पुसलं तर चावी जुळत नाही आणि नाव दिसत राहून कनेक्ट काही होत नाही, हा प्रकार फार डोकं खातो.

स्पीकर का मुके होतात तेही यातच आहे. टीव्ही आवाजासाठी सहसा एकच बाहेरचा रस्ता उघडा ठेवतो. ब्लूटूथ कनेक्ट झालं की आवाज स्पीकरच्या ॲम्प्लिफायरकडे न जाता ब्लूटूथकडे वळतो, त्यामुळे म्यूट दाबलेलं नसतानाही स्पीकर गप्प. बहुतेक वेळा साउंडबारही गप्प होतो. हे मुद्दाम केलेलं आहे आणि कारण पटण्यासारखं आहे: ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायचा, पलीकडे तो उलगडायचा, यात साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो. टीव्हीचे स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू ठेवले तर एकच वाक्य दोनदा, मागेपुढे ऐकू येईल. शिवाय रात्री हेडफोन लावणाऱ्याला घर झोपलेलंच हवं असतं.

हेडफोन बंद केला की टीव्ही बहुतेक वेळा आपोआप स्पीकरवर परत येतो. पण हेडफोन ‘काढून ठेवणं’ म्हणजे बंद करणं नव्हे. ऑन असलेला हेडफोन ड्रॉवरमध्ये पडलाय, टीव्हीच्या दृष्टीने तो अजून कनेक्टच आहे आणि बातम्या ड्रॉवरमध्ये चालल्यात. ओळखायचं कसं? रिमोटवर आवाज वाढवा आणि स्क्रीनवरची पट्टी बघा, बऱ्याच सेटमध्ये तिथे हेडफोनचं चिन्ह किंवा आउटपुटचं नाव येतं. ते दिसलं तर आउटपुट पुन्हा टीव्ही स्पीकर करा, मेकॅनिकला बोलावू नका.

आता खरा अडचणीचा भाग. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना हेडफोन हवा, पण मॅच सगळ्यांनाच ऐकायचीये. म्हणजे दोन्ही रस्ते एकदम उघडे हवेत. सॅमसंगच्या बऱ्याच सेटमध्ये ही सोय आहे पण साउंडमध्ये नाही, Accessibility मध्ये Multi-output Audio नावाने. एलजीच्या काही नव्या सेटमध्ये Sound Out मध्ये टीव्ही स्पीकर आणि ब्लूटूथ एकत्र चालवायचा पर्याय मिळतो. आजोबांना खोलीतला आवाज आणि कानातला आवाज जरा मागेपुढे वाटू शकतो, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला तर ते कमी जाणवतं. तुमच्या टीव्हीत हा पर्याय नसेल तर मेनू कितीही उलटापालटा केला तरी तो सापडणार नाही, तेव्हा टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. काही टीव्ही ऑप्टिकल चालू असताना स्वतःचे स्पीकरही चालू ठेवतात, काही नाही ठेवत, म्हणून विकत घ्यायच्या आधी एकदा सेटिंगमध्ये ऑप्टिकल निवडून स्पीकर बोलतात का ते बघून घ्या. दोन हेडफोन एकदम चालवणारे ट्रान्समीटरही मिळतात, वरच्या नवराबायकोचं काम त्याने होतं.

आणि एक, हेडफोन टीव्हीला जोडलाय की टीव्हीत खोचलेल्या फायर स्टिकला, हे बघा. स्टिकचा स्वतःचा वेगळा ब्लूटूथ मेनू असतो. तिथे जोडला तर फक्त स्टिकवरचं ऐकू येतं, सेट-टॉप बॉक्स लावला की हेडफोन गप्प आणि टीव्ही बोलायला लागतो. टीव्हीच्या मेनूत जोडला तर स्टिक असो की सेट-टॉप बॉक्स, सगळ्याचा आवाज कानात येतो. आणि हेडफोन स्टिकला असताना टीव्हीच्या Sound Output मध्ये टीव्ही स्पीकरच निवडलेला दिसतो, सगळं ठीक वाटतं, पण स्टिक टीव्हीकडे आवाज पाठवतच नसते, अशा वेळी टीव्हीची सेटिंग चाळण्यात अर्थ नाही, स्टिकच्या ब्लूटूथमध्ये जाऊन हेडफोन डिस्कनेक्ट करायचा.