फेलओव्हर होऊनही राइट्स जुन्याच प्रायमरीवर का जातात: पार्श्वभूमी

डेटाबेसच्या मुख्य सर्व्हरशी, म्हणजे प्रायमरीशी, संपर्क तुटला, तिची प्रत ठेवणाऱ्या स्टँडबायला तिच्या जागी बढती मिळाली, म्हणजे फेलओव्हर झाला, डीएनएसमधला पत्ता बदलला, मॉनिटरिंगवर सगळं हिरवं दिसतंय, आणि तरी काही ॲप्लिकेशन्स जुन्या प्रायमरीत ओळी भरतच आहेत. अशा घटनेच्या अहवालात कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘डीएनएस कॅश’ एवढंच लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. पत्ता धरून ठेवणाऱ्या जागा एकाहून जास्त असतात. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी तयार झाल्या आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे.

डीएनएसचा पहिला आराखडा १९८३चा, आजही पाया मानला जाणारा मसुदा १९८७चा. त्या मसुद्यात टीटीएल, म्हणजे नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा, साधारण होस्टसाठी काही दिवसांचा असावा अशी अपेक्षा होती. बदल होणार हे आधी कळलं असेल तर टीटीएल आधीच कमी करा आणि बदल उरकल्यावर पुन्हा वाढवा, असा सल्लाही त्यातच आहे. नियोजित स्थलांतराला हे पुरतं. फेलओव्हर मात्र सांगून येत नाही, म्हणून डेटाबेसच्या नावांवर कायमच ३० किंवा ६० सेकंदांचा टीटीएल ठेवण्याची पद्धत पडली.

इथेच मोठा गैरसमज रुजला. टीटीएल ३० सेकंद आहे म्हणजे ३० सेकंदांत सगळे नव्या सर्व्हरवर जातील, असं धरलं जातं. पण टीटीएल पाळायचं बंधन नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या रिझॉल्व्हरवर आहे. ॲप्लिकेशन ज्या `getaddrinfo` फंक्शनने पत्ता मागतं, ते फक्त पत्ते परत देतं. टीटीएल देतच नाही. त्यामुळे जावासारख्या एखाद्या रनटाइमला पत्ता स्वतःजवळ ठेवायचा असेल, तर किती वेळ ठेवायचा हे त्याला स्वतःच ठरवावं लागतं.

जावाने काय ठरवलं, त्यावरून आजही वाद होतात. १९९६ साली एका विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की डीएनएसची उत्तरं फिरवून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपलेटला, म्हणजे छोट्या जावा प्रोग्रामला, भलत्याच मशीनशी जोडता येतं. ॲपलेट जिथून आलं तिथेच परत जोडलं जावं हा नियम होता, आणि ‘तिथेच’ हे नावावरून ठरत असल्यामुळे नियम फसत होता. एकदा मिळालेला पत्ता प्रक्रिया संपेपर्यंत बदलायचाच नाही, हा त्यावरचा बचाव. ॲपलेटसाठी तो रास्त होता. पण तेच वर्तन सर्व्हरवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रक्रियांनाही लागू झालं, आणि तिथे त्याचा अर्थ ‘फेलओव्हर दिसणारच नाही’ असा झाला. २००६च्या सहाव्या आवृत्तीपासून सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे कोडच्या परवानग्या तपासणारा जावाचा भाग, लावलेला नसेल तर पत्ता ३० सेकंदच ठेवला जातो. मॅनेजर लावलेला असेल तर मात्र कायमचा. नव्या आवृत्त्यांतून सिक्युरिटी मॅनेजर बादच झाला आहे. तरीही जुन्या सेटिंग फाइलमधून पुढे आलेली ही ओळ अजूनही सापडते:

```
networkaddress.cache.ttl=-1
```

उणे एक म्हणजे कायमचं. अशा मशीनवर `dig` नवा पत्ता दाखवतं, कारण `dig` थेट रिझॉल्व्हरला विचारतं, आणि माणूस ‘डीएनएस ठीक आहे’ म्हणून पुढे जातो. जावाच्या प्रक्रियेत मात्र जुनाच पत्ता असतो.

रिझॉल्व्हर आणि रनटाइम यांच्यानंतरची तिसरी जागा कनेक्शन पूलची, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शन्सच्या साठ्याची. उघडं कनेक्शन नावाकडे पुन्हा बघतच नाही. नाव फक्त जोडणी करताना लागतं. जुनी प्रायमरी बंद पडली असती तर कनेक्शन तुटलं असतं आणि पूलला नव्याने पत्ता शोधावा लागला असता. पण पुष्कळदा जुनी प्रायमरी जिवंतच असते. तिचा आणि निरीक्षक यंत्रणेचा संपर्क तुटलेला असतो, ॲप्लिकेशनशी नाही. अशा वेळी टीटीएल शून्य ठेवला तरी काही फरक पडत नाही.

नेमका दोष कुठल्या जागेचा, हे जुन्या प्रायमरीवरच कळतं. पोस्टग्रेसवर एवढं पुरतं:

```sql
SELECT client_addr, backend_start, state
FROM pg_stat_activity
WHERE backend_type = 'client backend'
ORDER BY backend_start;
```

समजा, डीएनएसमधला पत्ता १४:०२ला बदलला, टीटीएल ६० सेकंद, आणि ही क्वेरी १४:२०ला चालवली. `backend_start` १३:५८ असलेली ओळ पूलमधल्या जुन्या कनेक्शनची. पूलमध्ये कनेक्शनचं कमाल आयुष्य ३० मिनिटं ठरवलेलं असेल, तर ते १४:२८च्या सुमारास निवृत्त होईल. १४:०२:४०ची ओळ टीटीएलच्या मुदतीत जुना पत्ता घेऊन आलेली. तिच्या बाबतीत सगळं नियमाप्रमाणेच घडलं, पण तीही आता उघडी राहणार. १४:१७ची ओळ गंभीर. मुदत उलटून पाव तास होत आला तरी कुणीतरी जुन्या पत्त्यावर नवी जोडणी करतंय. तिथे जावाचं सेटिंग, `/etc/hosts`मधली विसरलेली नोंद किंवा कॉन्फिगमध्ये थेट लिहिलेला आयपी पत्ता शोधायचा. मध्ये पूलर असेल तर `client_addr` पूलरचा दिसतो, मग हाच तपास पूलरवर करावा लागतो.

अलीकडच्या दोन सुधारणांकडून जास्त अपेक्षा ठेवली गेली. २०१७मध्ये पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत एकापेक्षा जास्त होस्ट आणि `target_session_attrs=read-write` देण्याची सोय आली. बढती मिळालेला सर्व्हर शोधायला ती उत्तम आहे. पण ती फक्त ‘इथे लिहिता येतं का’ एवढंच तपासते, आणि मोकळी सोडलेली जुनी प्रायमरी त्याला ‘हो’ म्हणते. यादीत ती पहिली असेल तर क्लायंट तिथेच थांबतो. दुसरं, २०२०च्या एका इंटरनेट मानकाने अधिकृत सर्व्हर गाठता येत नसेल तेव्हा मुदत संपलेली नोंदही देण्याची मुभा रिझॉल्व्हरला दिली. वेबसाइट चालू राहायला ते उपयोगी आहे, पण नेटवर्क फुटलेलं असताना डेटाबेसचा जुना पत्ता त्यामुळे आणखी टिकू शकतो.

माझ्या मते म्हणूनच डीएनएसला मुख्य आरोपी करणं चुकीचं आहे. क्लायंटकडे जुना पत्ता उरणारच हे १९८७च्या मसुद्यापासून गृहीत आहे. चूक आहे ती बढती देण्याआधी जुन्या प्रायमरीला अडवलं नाही ही. अडवणं म्हणजे सेवा बंद करणं, पोर्ट फायरवॉलवर तोडणं किंवा मशीनची वीज काढणं. पोस्टग्रेसचं `default_transaction_read_only` त्यासाठी पुरेसं नाही, कारण कुठलंही सेशन ते स्वतःपुरतं उलटवू शकतं. मायएसक्यूएलमध्येही `read_only` असताना सुपर अधिकार असलेला युजर लिहू शकत होता, म्हणून ५.७मध्ये वेगळं `super_read_only` आणावं लागलं.

अडवलं नाही तर दोन्हीकडे स्वतंत्र इतिहास तयार होतो. ओळींना क्रमांक देणारे सीक्वेन्स दोन्हीकडे पुढे सरकत राहतात, त्यामुळे एकच ऑर्डर क्रमांक दोन वेगळ्या ग्राहकांना जातो आणि नुसत्या ओळी उचलून इकडून तिकडे नेता येत नाहीत. त्यात घाईघाईने जुन्या सर्व्हरवर `pg_rewind` चालवलं जातं. ते जुन्याला नव्याच्या मागे उभं करतं खरं, पण बढतीनंतर जुन्याने स्वीकारलेल्या सगळ्या ओळी टाकून. त्या हव्या असतील तर आधी जुना सर्व्हर नेटवर्कपासून तोडायचा, त्याच्या डेटा डिरेक्टरीची प्रत काढायची, प्रत वेगळ्या मशीनवर उघडून बढतीच्या वेळेनंतरच्या ओळी काढायच्या, नवे क्रमांक देऊन त्या नव्या प्रायमरीत घालायच्या, आणि मगच `pg_rewind`ला हात लावायचा.